तीन प्रश्न आणि एक छोटी कमेंट: सेमिनारच्या तयारीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

सेमिनारचे पेपर सुरू झाले की बडोद्यातली आपली मराठी मुलंमुली, बहुतेक एमएची, काही बीएच्या शेवटच्या वर्षाची, मला तेच विचारतात: रीडिंगची समरी हातात आहे, वर्गात तीन प्रश्न आणि एक कमेंट घेऊन यायचंय, कसं करू? ती सगळी उत्तरं इथे एका जागी टाकतेय. उदाहरण मुद्दाम आपल्या गावचं घेतलंय, सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं, म्हणजे विषय समजून घेण्यात तुमचा वेळ जाणार नाही. पेपर समाजशास्त्राचा असो की इतिहासाचा, पद्धत हीच.

१. "तीन प्रश्न आणि एक कमेंट" म्हणजे नक्की काय आणायचं असतं?

साधारण एक पान. प्रत्येक प्रश्न एक किंवा दोन वाक्यांचा आणि खाली शंभर ते दीडशे शब्दांची कमेंट. तुमच्या मॅडमनी किंवा सरांनी वेगळा आकडा दिला असेल तर अर्थात तोच धरा.

प्रश्न हे परीक्षेतले प्रश्न नसतात हे आधी डोक्यात पक्कं करा. "बडोदा संस्थानात सक्तीचं शिक्षण कधी सुरू झालं?" याचं उत्तर १८९३, संपलं, त्यावर वर्गात कोणी काय बोलणार? आणि "शिक्षणाचं समाजात काय महत्त्व आहे?" हाही चालत नाही कारण त्याला रीडिंग वाचायचीच गरज नाही. सेमिनारचा प्रश्न म्हणजे असा की ज्याचं उत्तर द्यायला समोरच्याला रीडिंगमधल्या एका ठराविक जागी परत जावं लागेल, आणि तिथे गेल्यावर दोन माणसं दोन वेगळी उत्तरं देऊ शकतील. कमेंटचं प्रश्न ७ मध्ये सविस्तर लिहिलंय.

२. समरी वाचली की पुरे ना? मूळ लेख चाळीस पानांचा आहे.

अख्खा लेख दर वेळी वाचून होत नाही हे मलाही माहितेय, पण नुसत्या समरीवर उभं राहू नका. कारण समरी करताना तीन गोष्टी हमखास गळतात. पहिली पुरावा, म्हणजे लेखक हे कशाच्या आधारावर म्हणतोय, कुठले अहवाल, कुठली पत्रं. दुसरी म्हणजे "बहुधा", "काही भागांत", "निदान शहरात तरी" असे जपून वापरलेले शब्द, ते समरीत सगळ्यात आधी उडतात आणि मग लेखक आहे त्यापेक्षा जास्त ठाम वाटायला लागतो. तिसरी म्हणजे लेखक ज्याच्याशी वाद घालतोय तो माणूस, समरीत तो बहुतेक दिसतच नाही.

याचा परिणाम असा होतो की समरीत जी फट दिसते ती कधीकधी मूळ लेखात नसतेच. तुम्ही मोठ्या तयारीनं विचारता की लेखकानं आकडे का दिले नाहीत, आणि मॅडम शांतपणे सांगतात की बाराव्या पानावर तक्ता आहे. म्हणून क्रम असा ठेवा: समरीवरून कच्चे प्रश्न काढा, मग प्रत्येक प्रश्नासाठी मूळ लेखातली एकच जागा उघडा आणि बघा की लेखकानं आधीच उत्तर दिलंय का. त्याशिवाय लेखाची पहिली दोन पानं आणि शेवटचं पान. एवढं तासाभरात होतं. पीडीएफमध्ये शब्द शोधता येत असेल तर उत्तमच, पण जुन्या पुस्तकाचा नुसता फोटो काढून स्कॅन केलेला असेल तर सर्च चालत नाही, तेव्हा उपशीर्षकं, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि तळटीपा एवढ्यावर नजर फिरवा. तळटीपांत खूप माल असतो, लोक तिकडे बघतच नाहीत.

मूळ लेख दिलेलाच नसेल तर सरळ मागा, किंवा हंसा मेहता लायब्ररीत जाऊन बघा.

३. समरी दोनदा वाचली, सगळं पटलं, प्रश्नच पडत नाहीये. काय करू?

वाचताना पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहा: वाक्य नुसती माहिती देतंय तर "मा", कारण सांगतंय तर "का", निष्कर्ष काढतंय तर "नि". मग जोडणाऱ्या शब्दांना गोल करा: त्यामुळे, म्हणून, साहजिकच, यावरून सिद्ध होतं. आणि शेरा मारणारे शब्द, यशस्वी, पुरोगामी, अपयशी, असे, त्यांनाही.

आता फक्त गोलांकडे बघा. प्रश्न बहुतेक वेळा "मा" वाल्या वाक्यात नसतो, तो दोन वाक्यांच्या मधल्या "त्यामुळे" मध्ये असतो. तिथे विचारायचं, पहिल्यावरून दुसरं खरंच निघतं का? आणि निघत असेल तर मधे काय गृहीत धरलंय? "सगळं पटलं" असं वाटतं याचं एक कारण हेच की समरी करणाऱ्यानं मधली पायरी गाळून दोन टोकं एकमेकांना चिकटवून दिलेली असतात, वाचायला ते सुरळीत लागतं, आणि आपण तसेच पुढे जातो. पुढच्या प्रश्नात हे करून दाखवते.

४. एक उदाहरण घेऊन सुरुवातीपासून दाखवा ना.

समजा समरीत ही पाच वाक्यं आहेत (ही मी इथे सरावासाठी लिहिलीयत, कुठल्या लेखातली नाहीत, पण त्यातल्या घटना खऱ्या आहेत):

बडोदा संस्थानानं १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो यशस्वी झाल्यामुळे १९०६ साली कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. पुढे १९१० पासून संस्थानानं गावोगावी वाचनालयं उभारायला घेतली. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोखल्यांनी १९११ साली मांडलेलं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ साली फेटाळलं गेलं, यावरून बडोदा ब्रिटिशांच्या पुढे होतं हे सिद्ध होतं.

अक्षरं लिहिली की दिसतं की पहिलं, तिसरं आणि चौथं वाक्य "मा" आहे. दुसऱ्यात "यशस्वी" आणि "झाल्यामुळे" असे दोन गोल. पाचव्यात "यावरून सिद्ध होतं". म्हणजे कामाच्या जागा दोनच, पण तिसरं वाक्य सोडू नका, त्यात माणसं आहेत, त्यावर नंतर येते.

दुसरं वाक्य घ्या. १८९३ ते १९०६, मधे तेरा वर्षं. प्रयोग यशस्वी झाला आणि त्यामुळे कायदा झाला, तर तेरा वर्षं कशाची वाट बघत होते? पैशाची, शिक्षकांची, की यश वाटतं तितकं साधं नव्हतं? कच्चा प्रश्न तयार झाला: "प्रयोग यशस्वी ठरला हे लेखक कशावरून म्हणतो?" आता मूळ लेखात "अमरेली" शोधा. तीन शक्यता आहेत. एक, लेखकानं काहीच आधार दिलेला नाही, मग प्रश्न आहे तसा ठेवा. दोन, लेखकानं शाळांची संख्या किंवा पटावरच्या मुलांची संख्या दिलीय, मग तुमचा कच्चा प्रश्न मेला, पण त्याच्या जागी जास्त चांगला प्रश्न आला: पटावर नाव असणं आणि रोज वर्गात बसणं यात फरक आहे, शेतीच्या हंगामात मूल शेतावर असेल तर पट तसाच राहतो आणि वर्ग रिकामा होतो, मग या आकड्यांवरून "यशस्वी" म्हणता येतं का? तीन, लेखकानं स्वतःच म्हटलंय की यश मर्यादित होतं आणि समरीनं ते गाळलं, मग प्रश्न पूर्ण बदला आणि ते वर्गात सांगा, प्रश्न ८ बघा.

हा जो कच्च्या प्रश्नाचा बळी जाऊन त्याच्या जागी पक्का प्रश्न येतो ना, तयारी म्हणतात ती हीच, बाकी सगळं टायपिंग.

आता पाचवं वाक्य. इथे दोन गोष्टींची तुलना आहे, बडोद्याचा कायदा आणि गोखल्यांचं विधेयक. तुलना दिसली की बघायचं दोन्ही बाजूला एकाच प्रकारची वस्तू ठेवलीय का. गोखल्यांचं विधेयक सगळ्या देशावर सक्ती लादणारं नव्हतं, ते नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांना आपापल्या भागात सक्ती लागू करायची मुभा देणारं होतं. बडोद्यात हुकूम वरून, राजाकडून आला. म्हणजे एका बाजूला राजाची सत्ता आणि दुसऱ्या बाजूला कौन्सिलमधलं मतदान. एक पास झालं आणि दुसरं पडलं यावरून कोण शिक्षणात पुढे होतं ते कळतं, का फक्त निर्णय घ्यायची ताकद कोणाच्या हातात होती ते कळतं? मला स्वतःला हा तिन्हीत सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो, कारण यावर वर्गाचे खरंच दोन गट पडतात.

आणि तिसरं वाक्य, दंडाचं. समरी म्हणते "पालकांना". सगळे पालक सारखे नसतात. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याच्यासाठी मूल शाळेत पाठवणं म्हणजे एका हाताची कमाई जाणं, आणि न पाठवणं म्हणजे दंड, दोन्हीकडून तोच भरणार. मग प्रश्न असा: ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्यावरच त्याचा भार सगळ्यात जास्त पडला असेल, तर लेखक त्याची किंमत कुठे मोजतो? मूळात "दंड" शोधून बघायला विसरू नका.

चौथ्या वाक्यावर मी प्रश्न काढला नाही. वाचनालयांचा विषय मोठा आहे, पण या समरीत त्याच्यावर कसलाही दावा नाही, नुसती नोंद आहे. प्रत्येक वाक्यातून प्रश्न निघालाच पाहिजे असं नाही.

५. वरचे तीन प्रश्न शेवटी कागदावर कसे दिसतील?

असे:

एक, १८९३ चा अमरेलीचा प्रयोग आणि १९०६ चा कायदा यांत तेरा वर्षं आहेत. लेखक "यश" पटावरच्या नावांवरून ठरवतो, तर हजेरी धरली तर त्याचा निष्कर्ष टिकतो का?

दोन, दंडाची तरतूद लेखक कायद्याच्या गंभीरपणाची खूण म्हणून दाखवतो. मजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या बाजूनं बघितलं तर तीच तरतूद कायद्याच्या विरोधातला पुरावा ठरू शकते का?

तीन, बडोद्याचा कायदा राजाच्या हुकमानं आला आणि गोखल्यांचं विधेयक स्थानिक संस्थांना मुभा देणारं होतं. या दोघांची तुलना करून "पुढे" आणि "मागे" ठरवता येतं का?

लक्षात घ्या, प्रत्येक प्रश्नात आधी एक वाक्य आहे जे सांगतं की मी रीडिंगमध्ये कुठे उभी आहे, आणि मग एकच प्रश्नचिन्ह. पहिला प्रश्न मी "लेखकानं पट दिलाय" ही शक्यता धरून लिहिलाय, आणि दुसऱ्यातलं "गंभीरपणाची खूण" मूळ लेखात खरंच तसं असेल तरच लिहायचं, नसेल तर ते वाक्य लेखकाच्या तोंडी घालू नका.

६. माझे प्रश्न फार लांब होतात, एकाच प्रश्नात चार प्रश्न शिरतात.

हे सगळ्यांचं होतं. मोठ्यानं वाचून बघा, एका दमात संपला नाही तर तो लांब आहे. मग प्रश्नचिन्हं मोजा, आणि एकच ठेवा. कुठलं ठेवायचं? ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्यांची उत्तरं देता येत नाहीत ते. अमरेलीच्या प्रश्नात मला सुरुवातीला "एवढा वेळ का लागला", "यश कसं मोजलं" आणि "अमरेलीच का निवडलं" हे तिन्ही सुचतात, पण यश कशाला म्हणतोय ते ठरल्याशिवाय उशिराबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून मोजमापाचा ठेवला. "अमरेलीच का" फेकायचा नाही, तो वहीत खाली लिहून ठेवा, चर्चा तिकडे वळली तर तयार असतो.

७. कमेंट म्हणजे समरीचीच समरी का? किती लिहायची, काय लिहायचं?

नाही, आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. समरी सगळ्यांनी वाचलीय, ती परत सांगून काही मिळत नाही. "हा लेख खूप माहितीपूर्ण आहे" हेही काढून टाका.

कमेंटमध्ये एकच मुद्दा, त्यावर तुमची बाजू, त्या बाजूचं कारण लेखातल्याच एखाद्या जागेवरून, आणि शेवटी तुमचं म्हणणं कुठपर्यंत खरं आहे त्याची हद्द. मुद्दा तुमच्या तीन प्रश्नांपैकीच एक घ्या, म्हणजे वेगळी तयारी करावी लागत नाही, पण प्रश्नात जे मोकळं सोडलं होतं त्यावर इथे भूमिका घ्या. वरच्या उदाहरणावर माझी कमेंट अशी होईल:

"लेखाच्या शेवटी बडोदा ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुढे होतं असा निष्कर्ष काढलाय. मला तो या पुराव्यावरून निघतो असं वाटत नाही. लेखक एका बाजूला लागू झालेला कायदा ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला पडलेलं विधेयक. पण गोखल्यांचं विधेयक नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांना मुभा देणारं होतं आणि त्याला कौन्सिलमध्ये बहुमत हवं होतं, बडोद्यात राजाची इच्छा पुरेशी होती. त्यामुळे ही तुलना शिक्षणाची नसून निर्णय घेण्याच्या पद्धतीची आहे. शिक्षणात कोण पुढे होतं हे सांगायचं तर दोन्हीकडे किती मुलं प्रत्यक्ष शाळेत बसत होती ते शेजारी शेजारी ठेवावं लागेल. तसे आकडे आले आणि ते बडोद्याच्या बाजूनं निघाले तर लेखकाचा निष्कर्ष बरोबर ठरेल, पण तेव्हाही त्याचं कारण वेगळं असेल."

शेवटची दोन वाक्यं बघा. माझं म्हणणं कशानं चुकीचं ठरेल हे मी स्वतःच सांगितलंय. हे लिहिलं की समोरच्याला तुमच्याशी बोलायला दार उघडं राहतं, नाहीतर वर्ग नुसता मान डोलावतो आणि पुढच्याकडे जातो.

८. समरी वर्गमैत्रिणीनं केलेली आहे आणि मूळ लेखात वेगळंच लिहिलंय असं दिसलं. आता?

आधी खात्री करा की तुम्ही तीच जागा वाचताय, कधीकधी लेखक एका पानावर दुसऱ्याचं मत सांगत असतो आणि पुढच्या पानावर ते खोडतो, समरी करणारीनं ते पहिलंच लेखकाचं म्हणून धरलेलं असतं. ही चूक फार कॉमन आहे. ओळखायची खूण म्हणजे समरीत एकाच लेखकाची दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसतात.

खात्री झाली की वर्गाच्या आधी तिला मेसेज करा, पान क्रमांकासकट. सगळ्यांसमोर पहिल्यांदा काढू नका, ती बिचारी घाबरते आणि चर्चा लेखावरून समरीवर घसरते. वर्गात बोलायची वेळ आली तर "समरीत असं आहे, मूळात पान अमुकवर लेखक जरा जपून बोलतो, आणि या फरकामुळे माझा प्रश्न असा होतो" एवढं म्हणा. फरकातून प्रश्न निघत असेल तरच तो वर्गात आणा, नुसती दुरुस्ती मेसेजवर पुरते.

९. वर्ग इंग्रजीत चालतो, माझं सगळं डोक्यात मराठीत येतं, मधेच गुजरातीही येतं. आधी कशात लिहू?

ज्या भाषेत भांडता येतं त्या भाषेत. कच्चे प्रश्न मराठीत लिहा, मूळ लेखात तपासा, पक्के करा, आणि मगच इंग्रजीत न्या. उलट केलं की होतं असं, लेखातलीच इंग्रजी वाक्यं उचलली जातात आणि शेवटी प्रश्नचिन्ह लागतं, प्रश्न तुमचा राहतच नाही.

इंग्रजीत नेताना शब्दाला शब्द लावू नका. मराठी प्रश्न बाजूला ठेवा आणि शेजारी बसलेल्याला सांगताय असं समजून तीन छोट्या वाक्यांत बोला, मग तेच लिहा. आणि लेखातले दोन-तीन मुख्य शब्द मात्र लेखकाचेच ठेवा, तिथे स्वतःचे पर्याय घातले की वर्गाला वाटतं तुम्ही वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलताय.

१०. माझा नंबर येईपर्यंत माझे प्रश्न दुसऱ्यांनी विचारून झालेले असतात.

तीन प्रश्न एकाच जातीचे असले की हे होतं. वरच्या उदाहरणात मुद्दाम तीन वेगळ्या जागा पकडल्यात: एक पुराव्यावर, एक ज्यांच्यावर परिणाम झाला त्या माणसांवर, एक तुलनेवर. पुराव्याचा प्रश्न बहुतेक सगळे आणतात, कारण तो सगळ्यात आधी सुचतो, म्हणून तो गेला असं धरूनच चला आणि बोलायची वेळ आली की दुसऱ्या दोन्हींतला एक काढा.

तरीही तोच प्रश्न झाला असेल तर "माझाही तोच होता" म्हणून बसू नका. आधीच्या उत्तराला जोडा: "तिनं हजेरीचं विचारलं, सर म्हणाले हजेरीची नोंद तपासनीसांच्या अहवालात मिळते, मग दंडाची नोंदही तिथेच मिळेल का आणि लेखकानं ती वापरलीय का?" हे घरून लिहून आणता येत नाही, पण वहीत खाली राखून ठेवलेले प्रश्न (प्रश्न ६ बघा) इथे कामाला येतात.

११. मी प्रश्न विचारला आणि मॅडमनी उलट मलाच विचारलं, "तुला काय वाटतं?" मी गप्प बसले.

हे धरूनच तयारी करायची. प्रत्येक प्रश्नाखाली स्वतःसाठी दोन ओळी लिहून ठेवा, द्यायच्या कागदावर नाही, वहीत: माझं सध्याचं उत्तर काय, आणि मूळात कुठलं पान. उत्तर पक्कं असायची गरज नाही. "मला वाटतं हजेरी धरली तर निष्कर्ष कमजोर होतो, कारण पान बारावरच्या तक्त्यात फक्त पट आहे" एवढं बोललात तरी पुढे चर्चा होते. दोन ओळी लिहिताच येत नसतील तर तो प्रश्न अजून कच्चा आहे असं समजा.

१२. आमच्याच घरात पणजोबा संस्थानाच्या नोकरीत होते, आजी त्या काळच्या शाळेच्या गोष्टी सांगायची. हे कमेंटमध्ये घालू का?

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कितीतरी मराठी घरांत गायकवाडांच्या काळच्या अशा आठवणी आहेत, त्यामुळे हे फार जण विचारतात, आणि मला स्वतःला या आठवणी फार मोलाच्या वाटतात. घाला, पण ती कुठल्या कामाला लावताय ते बघा. आजीच्या गोष्टीवरून "म्हणजे सगळीकडे मुली शाळेत जात होत्या" असं सिद्ध होत नाही. शहरातलं, नोकरदार, मराठी बोलणारं घर एक, आणि अमरेलीकडचं गुजराती बोलणारं शेतकऱ्याचं घर दुसरं. संस्थान सलग नव्हतंच, बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे वेगवेगळे प्रांत होते, आणि अमरेली तर पार काठियावाडात.

पण हाच फरक प्रश्न म्हणून फार चांगला आहे: "आमच्या घरी दंडाची गोष्ट कोणी सांगत नाही, शाळेची सांगतात. ज्या घरांत दंड भरला गेला तिथे काय सांगत असतील, आणि लेखकानं त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केलाय का?" आठवणीला एक वाक्य द्या, बाकी जागा रीडिंगला.

१३. रीडिंग पूर्ण थिअरीचं आहे, त्यात ना सालं ना घटना. तुमची पद्धत इथे कशी चालेल?

अक्षरं लिहायची पद्धत चालते (प्रश्न ३), फक्त "मा" जवळजवळ नसतात, सगळे "का" आणि "नि" असतात. अशा वेळी एक ओळखीची घटना तुम्ही आणायची आणि दावा तिच्यावर लावून बघायचा. समजा लेखक म्हणतो की राज्य शिक्षण देतं ते आज्ञाधारक नागरिक घडवायला. बडोद्याचं उदाहरण लावा: शाळेत घालण्यासाठी दंड करणाऱ्या राज्यानं त्याच लोकांसाठी गावोगावी वाचनालयंही काढली, जिथे बसून माणूस आपल्या मनानं हवं ते वाचू शकतो. हे दाव्यात बसतं का, की दावा थोडा बदलावा लागतो? एक उदाहरण, आणि तीनपैकी एकाच प्रश्नात. तिन्हींत लावलं तर वर्ग थिअरी सोडून बडोद्यावरच बोलत बसतो.

१४. लेखकाशी मी शंभर टक्के सहमत आहे. मुद्दाम विरोध करायचा का?

नको, खोटा विरोध लगेच कळतो. सहमत असाल तर कमेंटमध्ये लेखकाचं म्हणणं एक पाऊल पुढे न्या: हे जर खरं असेल तर आणखी काय खरं असायला हवं? दंडामुळे हजेरी वाढली हे मान्य असेल तर जिथे दंड वसूल करणारा माणूसच नव्हता तिथे हजेरी कमी असायला हवी, तसं लेखात कुठे दिसतं का ते बघा. दिसलं तर तुमची सहमती पुराव्यासकट उभी राहिली, नाही दिसलं तर प्रश्न आपोआप तयार.

१५. उद्या सकाळी वर्ग आहे आणि माझ्याकडे एकच तास आहे.

समरीला पंधरा मिनिटं, अक्षरं आणि गोल करत. सगळ्यात मोठ्या शब्दाचा गोल एक निवडा, बहुतेक तो शेवटच्या वाक्यात असतो. पंचवीस मिनिटं मूळ लेखात फक्त त्याच दाव्याचा माग काढा, कुठून सुरू होतो, पुरावा कुठे, लेखक कुठे सावध होतो. उरलेल्या वीस मिनिटांत तिन्ही प्रश्न त्याच दाव्यावर लिहा: पुरावा, माणसं, तुलना. कमेंटही त्याचीच. वेगवेगळ्या ठिकाणचे तीन अर्धवट प्रश्न आणण्यापेक्षा एका जागी नीट खोदलेलं चालतं, फक्त मॅडमनी विचारलं तर सांगा की मी शेवटच्या दाव्यावरच काम केलंय, अमरेलीचा भाग नीट वाचलेला नाही.